शब्दचर्चा : सेगमेंटेशन, टार्गेटिंग, पोझिशनिंग – कुंद्याच्या उदाहरणातून

बीकॉम पहिलं वर्ष, टिळकवाडी : मार्केटिंगच्या असाइनमेंटमध्ये या तिन्ही शब्दांना एकच साधं उदाहरण लावायचं आहे. मी बेळगावच्या कुंद्याचं दुकान घेतलंय. पुस्तकात विभाजन, लक्ष्यीकरण, स्थाननिश्चिती असे शब्द आहेत, पण दुकानात नेमकं काय करायचं ते कळत नाही.

खानापूरकर : सोपं आहे की. पाव किलो, अर्धा किलो, एक किलोचे डबे केले की सेगमेंटेशन. जास्त कोण घेतो ते बघितलं की टार्गेटिंग. आणि दुकान खडेबाजारात टाकायचं की बसस्टँडजवळ, हे पोझिशनिंग. स्थाननिश्चिती म्हणजे जागाच नव्हे काय?

निवृत्त मास्तर, शहापूर : मधलं थोडंफार जमलंय, बाकीची दोन नाही. डबे पाडले म्हणजे माल विभागला, आपल्याला गिऱ्हाईक विभागायचंय. आणि हे स्थान रस्त्यावरचं नाही, घेणाऱ्याच्या मनातलं.

पोरी, आठवडाभर गल्ल्याशेजारी उभी राहा आणि प्रत्येकाला एवढंच विचार, "कुठं नेणार?" तीन तऱ्हेची माणसं दिसतील. घरी खायला नेणारी, पुण्या-गोव्याच्या पाहुण्यांसाठी नेणारी आणि लग्नाची ऑर्डर देणारी. घरचा माणूस ताजेपणा आणि भाव बघतो. प्रवासाला निघालेला टिकेल का आणि डबा गळेल का ते विचारतो. लग्नवाला वजन आणि वेळ पक्की करून घेतो. वय आणि पगार यांवरून गट पाडले असतेस तर यातलं काही दिसलं नसतं, कारण तोच प्राध्यापक सोमवारी घरी नेतो आणि शनिवारी मुलीकडे पुण्याला. ताळा असा घे : दोन गटांना तोच डबा, तोच भाव, तेच बोलणं चालत असेल तर ते दोन गट नव्हेतच.

बीकॉम पहिलं वर्ष : मग जास्त माल घेणारा गट निवडायचा ना सर?

निवृत्त मास्तर : तिथंच मार्क जातात. काल्पनिक आकडे धर. आठवड्याला घरगुती ३० किलो, किलोमागे ६० रुपये सुटतात, म्हणजे १८०० रुपये. बाहेरगावचा २० किलो, डब्याचा खर्च वजा करून ११० सुटतात, म्हणजे २२००. लग्नाचा १० किलो, घासाघीस होऊन ४०, म्हणजे ४००. माल घरगुती जास्त, पैसा बाहेरगावचा जास्त. तरी एवढ्यावर थांबू नकोस. ही माणसं दुकानापर्यंत येतात का आणि त्यांना लागतं ते आपल्याला जमतं का, हेही लिही. सीलबंद डब्याची सोय नसेल तर २२०० कागदावरच.

आता पोझिशनिंग. प्रवाशाच्या समोर दुसरं काय असतं? गोकाकचा करदंट. डिंक, गूळ, सुकामेव्याचा, मुळातच जास्त टिकणारा. टिकण्यात कुंदा त्याच्याशी बरोबरी करणार नाही, तेव्हा तसं म्हणायचंच नाही. आपण म्हणायचं, "बेळगावहून पाहुण्यांकडे जाणाऱ्यासाठी, आजच आटवलेला, तारीख घालून बंद केलेला कुंदा." आणि मग खरोखर तारीख घालायची, कालचा माल त्या डब्यात भरायचा नाही. "शुद्ध दूध, उत्तम दर्जा" असं लिहिलंस तर ती पाटी शेजारच्या दुकानावरही शोभेल. शेजाऱ्याला जे वाक्य चालतं ते पोझिशनिंग नव्हे.

वडगावची काकू : आमचा मागाच्या साड्यांचा धंदा आहे. म्हणजे मी बोर्डावर चांगलं वाक्य लिहिलं तर व्यापारी भाव वाढवून देईल काय?

निवृत्त मास्तर : बोर्डानं नाही, वहिनी. तुमचं गिऱ्हाईक व्यापारी आहे, नेसणारी बाई नाही. आधी ते ठरवा, कोणासाठी विणताय. वाक्य नंतर.

वडगावची काकू : ते ठरवायला हातात भांडवल पाहिजे हो.

निपाणीचा एमबीए : थोडी भर घालतो. सेगमेंटेशन वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये मांडलं आणि पोझिशनिंग रीस व ट्राउट यांनी १९७२ च्या सुमारास गाजवलं. दोन्ही वेगवेगळ्या वेळची, म्हणून पुस्तकात ती सरळ पायऱ्यांसारखी दिसली तरी प्रत्यक्षात मागे-पुढे होतात. करदंटाशी तुलना केल्यावर गट पुन्हा पाडावा लागू शकतो. शब्दांबद्दल माझं मत : बाजारविभाजन चालेल, पण 'स्थाननिश्चिती' वाचून खानापूरकरांसारखा घोटाळा होतो. पोझिशनिंगच लिहा.

खानापूरकर : माझं नाव कशाला मध्ये! पण मी म्हणतो, 'मनातली जागा' लिही, परीक्षकालाही कळेल.

बीकॉम पहिलं वर्ष : शेवटचं एक. बाहेरगावचा गट निवडला म्हणजे घरच्यांना कुंदा द्यायचा नाही काय?

निवृत्त मास्तर : द्यायचा की. फक्त डबा, जाहिरात आणि गल्ल्यावरचं बोलणं प्रवाशासाठी बेतायचं.

निपाणीचा एमबीए : मला हे पटत नाही, सर. रोजच्या गिऱ्हाइकाला डब्याचा खर्च सोसवत नाही, तो हळूहळू तुटतो. दोन काउंटर, दोन भाव करावे लागतील.

निवृत्त मास्तर : एकाच दुकानात दोन भाव लावले की पहिलं भांडण तिथंच होईल. पोरी, दोन्ही बाजू लिही.