मदत हवी आहे: शीट पाइलचा टाय रॉड 1 मीटरवर ठेवू की 2 मीटरवर?

मंडळी, नाल्याकाठी 6 मीटर भराव धरायला अँकर्ड शीट पाइल वॉल करतोय. कोरडी वाळू, फाय 30 अंश, युनिट वेट 18, पाणी नि सरचार्ज सध्या धरलेलं नाही. फ्री अर्थ सपोर्टने, म्हणजे खालचं टोक मोकळं फिरतं असं मानून, टाय रॉडच्या लेव्हलभोवती मोमेंट घेतले.

रॉड वरून 1 मीटरवर ठेवला तर गाडायची खोली 2.3 मीटर, रॉडमधला ओढ मीटरमागे 64 किलोन्यूटन आणि बेंडिंग मोमेंट 132. तोच रॉड 2 मीटरवर नेला की खोली जेमतेम 2.17, पण ओढ 73 झाला आणि मोमेंट थेट 95 वर उतरला! म्हणजे शीटचा सेक्शन हलका होतो, खोलीत मात्र फारसं काही वाचत नाही.

आता गोची अशी की साहेब म्हणतात 2 मीटरवर रॉड बसवायचा तर आधी भिंत तेवढी मोकळी उभी राहील, वरचं टोक पुढे झुकेल, शिवाय मागच्या डेडमॅनसाठी चरही खोल खणावा लागेल. बरोबरच आहे त्यांचं.

दुसरं, सेफ्टीसाठी खोली 40 टक्के वाढवली काय नि Kp ला 1.5 ने भागलं काय, 1 मीटरवाल्या केसमध्ये खोली 3.2 च्या आसपासच येते, पण दुसऱ्या रीतीत ओढ 71 होतो. रॉड 64 वर डिझाइन करू की 71 वर? आणि लेव्हल तुम्ही कुठली धराल?