मदत हवी आहे: गळक्या नळातून महिन्याला किती लिटर पाणी जातं? जग लावून मोजायचं कसं?

रेवती_ऐरोली
नळ गळतोय. मालक म्हणतात, "चार थेंबांसाठी काय प्लंबर बोलवायचा?" रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, पाण्याच्या बिलावरूनच आहे, मालकही येणार आहेत. मला त्यांच्यापुढे महिन्याचे लिटर ठेवायचे आहेत. मिनिटाला ४० थेंब पडतात, घड्याळ लावून मोजले. नेटवर एका ठिकाणी हिशोब केला तर महिन्याला ८६ लिटर आले, दुसरीकडे ४३२. एवढा फरक? खरा आकडा कोणता? घरात स्टीलचा जग आहे, त्याने मोजता येईल का? लवकर सांगा प्लीज.

खारघर_केमिस्ट
८६ बरोबर आहे. १ मिलीत २० थेंब, हा ठरलेला हिशोब आहे. सलाईनच्या नळीच्या पाकिटावरसुद्धा छापलेला असतो. ४० थेंब म्हणजे मिनिटाला २ मिली. दिवसाचे २.८८ लिटर, महिन्याचे ८६.४. विषय संपला.

नेरुळचा_नित्या
ताई, मोजत काय बसताय? दहा-वीस रुपयांची टेफलॉन टेप आणा, आट्यांवर गुंडाळा आणि नळ घट्ट बसवा. आमच्याकडे एका मिनिटात गळती थांबली.

नौपाडा_जुना
केमिस्टसाहेब, तो हिशोब सलाईनच्या बारीक तोंडाचा आहे. थेंब किती मोठा होऊन सुटेल हे तो ज्या कडेला लोंबतो तिच्या रुंदीवर ठरतं. नळाचं तोंड रुंद, त्यामुळे थेंब जड. दुसऱ्या साईटने लिटरला ४००० थेंब धरलेत, म्हणून ४३२ आले. दोघांनीही यांचा नळ पाहिलेला नाही. थेंब मोजणं सोडा, पाणी मोजा. जग चालेल.

नित्या, टेप आट्यांतून पाणी झिरपत असेल तेव्हा कामाची. तोंडातून थेंब पडत असेल तर दोष आतल्या वायसरचा किंवा सीटचा असतो, तिथे टेप पोचतच नाही.

रेवतीताई, चार गोष्टी सांगा. नळ स्वयंपाकघराचा की बाथरूमचा? चावी बऱ्याच फेऱ्यांची जुनी की अर्ध्या फेरीत बंद होणारी? पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं की थेट पालिकेच्या लाईनचं? आणि जग किती लिटरचा?

स्वयंपाकघर_माझं
खाली बादली लावून ठेवा, ते पाणी तुळशीला आणि फरशी पुसायला होतं. माझ्याकडे नळ ठीक होता, पण फ्लश आतल्या आत गळत होता, कळलंच नाही. टाकीत थोडा खायचा रंग टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर गळतोय. सगळ्यांनी करून पाहा, त्यात नळापेक्षा कितीतरी जास्त पाणी जातं.

रेवती_ऐरोली
फ्लश नाही हो, नळ विचारलाय. सिंकचा नळ, जुना, फिरवायच्या चावीचा. जग लावला होता, ३ तास २७ मिनिटांत काठोकाठ भरला. दुकानदार दीड लिटरचा म्हणाला होता. मग महिन्याला किती?

नौपाडा_जुना
टाकी की थेट लाईन, ते राहिलं. थेट लाईन असेल तर पाणी येतं तेवढेच तास नळ गळणार, २४ ने गुणलंत तर आकडा फुगेल.

आता जग. काठोकाठ म्हणजे नेमकं कुठे, हे डोळ्यांना कळत नाही. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं आणि मग एकदम सांडतं. दुकानदाराच्या दीड लिटरवरही जाऊ नका. घरात वजनकाटा असेल तर रिकामा जग ठेवून काटा शून्यावर आणा, मग भरलेल्याचं वजन घ्या. १ ग्रॅम म्हणजे १ मिली.

रेवती_ऐरोली
गच्चीवरच्या टाकीचं पाणी आहे, चोवीस तास. सात मजली बिल्डिंग, मी चौथ्यावर. काट्यावर १३८० ग्रॅम आले. १५०० नाहीत!

नौपाडा_जुना
मग सरळ आहे. २०७ मिनिटांत १३८० मिली, म्हणजे एक लिटर व्हायला १५० मिनिटं. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्यांना १५० ने भागा, २८८ लिटर. दीड लिटर धरले असते तर ३१३ झाले असते. मीटिंगमध्ये कोणी आव्हान दिलं तर त्यांच्यापुढेच नळाखाली एक लिटरचं माप धरा आणि किती मिनिटांत भरतं ते पाहून ४३,२०० ला त्या मिनिटांनी भागा.

तुमचा थेंबही कळला. महिन्याला १७ लाख २८ हजार थेंब आणि २८८ लिटर, म्हणजे ६ थेंबांना १ मिली. केमिस्टांच्या थेंबाच्या तिप्पटीहून मोठा आणि लिटरला ४००० वाल्यापेक्षा लहान.

खारघर_केमिस्ट
थेंबाचा आकार पाण्याच्या शुद्धतेवरही अवलंबून असतो. साबणाचं पाणी असेल तर थेंब लहान पडतो. त्यामुळे २० चा हिशोब चूक म्हणता येणार नाही.

नौपाडा_जुना
साबणाचं बरोबर आहे. पण नळातून साबण येत नाही.

घोडबंदर_७०२
इतकं पाणी खरंच जात असेल तर मीटरवर दिसायला हवं. आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटला वेगळं मीटर आहे. आमचाही बाथरूमचा नळ टपटपतो. रात्री झोपताना आकडा लिहून ठेवला, सकाळी तोच. म्हणजे पाणी नगण्य आहे. रेवतीताईंनी आधी मीटर बघावं, उगाच मालकाशी वाद कशाला?

रेवती_ऐरोली
आमच्याकडे फ्लॅटला मीटर नाही, सोसायटीचं एकच आहे. म्हणून तर जग लावला.

नौपाडा_जुना
७०२, पाणी खात्यात मीटरवर माझी नोकरी झाली, म्हणून सांगतो. घरगुती अर्ध्या इंचाचं चक्रीचं साधं, बी क्लास मीटर ताशी ३० लिटरच्या खाली नीट मोजेल याची हमी नसते. अगदी बारीक धारेला आतली चक्री हलतच नाही, पाणी तिच्या बाजूने निघून जातं. रेवतीताईंचा नळ ताशी अर्धा लिटरसुद्धा सोडत नाही. तुमचा आकडा हलला नाही याचा अर्थ मीटरला ते पाणी दिसलं नाही, एवढाच.

सोसायटीच्या मोठ्या मीटरचं वेगळं. तिथे पाणी जमिनीखालच्या टाकीत भरताना जोरात येतं, तेव्हा थेंबाथेंबाने गेलेलंही एकत्र मोजलं जातं आणि सगळ्यांच्या बिलात वाटलं जातं.

घोडबंदर_७०२
आमचं मीटर नवीन आहे, डिजिटल आकड्यांचं. जुन्या मीटरचे नियम इथे लावू नका.

नौपाडा_जुना
डिजिटल आकडा सगळ्यांवर असू शकतो, आत चक्री आहे का ते बघा. अल्ट्रासॉनिक असेल तर बरीच बारीक धार पकडतं. मॉडेल सांगा, मग बोलू.

नेरुळचा_नित्या
अवांतर: आमच्या नवी मुंबईला मोरबे धरण आहे, पालिकेचं स्वतःचं. पावसाळ्यात ते भरलं की पाण्याची चिंता नाही. ठाण्याच्या लोकांनी टँकरची काळजी करावी.

घोडबंदर_७०२
उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाआड टँकर येतो, १०,००० लिटरचा. ३० फ्लॅटमध्ये प्रत्येकी असा एक नळ गळला तर महिन्याला जवळपास एक टँकर होतो. पैशाच्या बाजूने मी रेवतीताईंच्याच बाजूचा आहे, फक्त मीटरचं मला पटत नाही.

रेवती_ऐरोली
आता वेगळाच गोंधळ. रात्री ११ ते सकाळी ६ भांडं लावलं, ३२३० ग्रॅम भरले. तुमच्या रीतीने महिन्याचे ३३२ होतात. काल २८८, आज ३३२. मालक म्हणतील, तुमचाच आकडा रोज बदलतो.

नौपाडा_जुना
बदलणारच, आणि त्याला कारण आहे. दिवसा तुमच्या उभ्या पाईपवरचे बाकीचे फ्लॅट पाणी वापरतात, वाहत्या पाण्यामुळे तुमच्याकडचा दाब थोडा उतरतो. रात्री सगळे नळ बंद, टाकीचा पूर्ण दाब तुमच्या वायसरवर. फक्त दिवसाचं मोजलं तर कमी येतं, फक्त रात्रीचं मोजलं तर जास्त.

उपाय एकच, पूर्ण २४ तास बादली लावा आणि ३० ने गुणा. नळ बंद केल्यावर तोटीत अडकलेलं पाणी थोडा वेळ निथळतं, म्हणून दहा मिनिटांनी सुरुवात करा. आणि मधे नळ अजिबात उघडू नका. जुन्या चावीचा वायसर दर वेळी थोडा वेगळा बसतो, थेंबांचा वेगच बदलतो. तोटीला सुती दोरा बांधून टोक बादलीत सोडा. पाणी दोऱ्यावरून उतरतं, शिंतोडे उडून बाहेर जात नाहीत आणि रात्री आवाजही नाही.

स्वयंपाकघर_माझं
२४ तास सिंकचा नळ बंद? मग भांडी कुठे घासायची?

रेवती_ऐरोली
ड्राय बाल्कनीत घासली. दोरा छान चालला. बादलीतलं पाणी जगाने काढत काट्यावर मोजलं, एकूण १०.२ किलो. म्हणजे महिन्याला ३०६. हा सांगू ना?

नौपाडा_जुना
३०६ सांगा, पण "२८० ते ३३०च्या मध्ये" असं म्हणा. रोजच्या वापरात चावी उघडझाप होणार, थेंब थोडा कमीजास्त पडणार. एकच नेमका आकडा धरून बसलात तर समोरचा त्यावरच अडवेल.

रेवती_ऐरोली
मीटिंग झाली. कमिटीने आकडा लिहून घेतला. मालकांनी तिथेच होकार दिला, प्लंबरने वायसर बदलला. पण पूर्ण थांबलं नाही! आता एक लिटर भरायला २० तास लागतात. मालक म्हणतात झालं की काम.

खारघर_केमिस्ट
१२०० मिनिटं. ४३,२०० ला भागा, ३६ लिटर.

नौपाडा_जुना
बरोबर. नवा वायसर टाकूनही गळतं म्हणजे तो ज्या पितळी कडेवर बसतो ती सीट खाचली असणार. चावी आणखी जोरात आवळू नका, नवा वायसर त्या खाचेवर कापला जाईल आणि महिन्याभरात पुन्हा जुना वेग येईल. अँगल कॉक बंद करून चावी खोला, टॉर्च मारून आत पाहा, कडेवर रेघ दिसते का? काही प्लंबरांकडे सीट सपाट करायचं छोटं हत्यार असतं. नसेल तर नळच बदलावा लागेल, आणि तो खर्च कोणाचा हे तुमच्या भाडेकरारात काय लिहिलंय त्यावर.

रेवती_ऐरोली
रेघ आहे, एका बाजूला, नखाला लागते. करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" असं लिहिलंय. नळ बदलणं किरकोळ धरतात का? ऐरोली-घणसोलीकडे सीट सपाट करून देणारा प्लंबर कोणाला माहीत आहे?

नेरुळचा_नित्या
सीवूडला एक आहे, पण ऐरोलीपर्यंत येईल का ते विचारून सांगतो.