मिरवणुकीत पोरगी पडली की लगेच 'बीपी लो'?

नारायणपेठी: काल लक्ष्मी रोडला पथकातली एक मुलगी वादन थांबलेलं असताना धाडकन पडली. आम्ही दोघांनी काखेत धरून उभी केली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. आजकालच्या पोरी डाएट करतात, बीपी लो असतं. माझंही तसंच, पलंगावरून उठलो की डोळ्यापुढे अंधारी. सेम केस. मीठ वाढवा, झालं. आणि ती टेबलाला बांधून उभं करायची टिल्ट टेस्ट म्हणजे शुद्ध पैसे काढायचा धंदा.

टिल्टलॅबवाली: काका, रोज तेच टेबल चालवते मी म्हणून राहवत नाही. एक तर ही सेम केस अजिबात नाही, आणि दुसरं म्हणजे पडलेल्या माणसाला काखेत धरून उभं करणं हा यातला सगळ्यात वाईट भाग.

वादन थांबलेलं होतं हे तुम्हीच लिहिलंय ना, त्यातच सगळं आलं. वाजवताना पिंढऱ्या हलत असतात आणि रक्त वर ढकललं जातं. चौकात पुढचं पथक अडकलं की ही मुलं कमरेला ढोल बांधून ताठ उभी. ऊन, घाम, पोटात पाणी नाही, रक्त पायात साठतं. शरीर आधी नाडी वाढवून सांभाळून घेतं आणि मग अचानक उलटा सिग्नल जातो, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात, माणूस खाली. त्याला व्हॅसोव्हेगल म्हणतात. पडायच्या आधी जांभया, मळमळ, गार घाम, चेहरा पांढराफटक, आवाज लांबून आल्यासारखा. विचारा त्या मुलीला, यातलं काहीतरी सांगेलच.

तुमचं वेगळं. उठल्या उठल्या प्रेशर पडतं, आधी मळमळ नाही, घाम नाही. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?

ढोलवाला: ताई बरोबर, पण पथकांना नावं ठेवायची संधी कुणी सोडत नाही. आमच्याकडे पाणी वाटायला वेगळी मुलं असतात. दोष रूट अडवणाऱ्यांचा आहे, तासन् तास एका जागी उभं करतात, वर डीजेवाल्यांना सूट.

नळस्टॉप: झालं सुरू. डेसिबलवर पण बोला मग. माझ्या आईला कानात दडे बसतात, त्यावर कुणी धागा काढत नाही.

ढोलवाला: कान आणि चक्कर वेगळं आहे हो. धागा काढा तुम्ही, अडवलंय कुणी?

नळस्टॉप: काढला होता. तुमच्याच लोकांनी येऊन राडा केला.

सिंहगडकर: विषयावर या. यावर सोप्पा उपाय आहे, लगेच उकिडवं बसायचं. ट्रेकला दोघातिघांना असं वाचवलंय. टेस्टबिस्ट काही लागत नाही. आणि केलीच आणि निगेटिव्ह आली तर हृदयाचं काही नाही हे पक्कं होतं, एवढाच उपयोग.

टिल्टलॅबवाली: उकिडवं बसणं बरोबर. पण बरं वाटलं म्हणून झटकन उठलात तर परत तिथेच पडता, हे अर्धं सगळे विसरतात. पोट-मांड्या आवळत हळू उठायचं. गर्दीत बसता येत नसेल तर पाय एकमेकांवर ओलांडून मांड्या आणि कुल्ले घट्ट दाबायचे, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात बाहेर ओढायची. श्वास कोंडायचा नाही, उलट त्यानेच प्रेशर पडतं. सगळं जांभई-मळमळ सुरू झाली की लगेच करायचं, डोळ्यापुढे काळं झाल्यावर वेळ गेलेली असते. ज्यांना आधी काहीच कळत नाही त्यांना याचा उपयोग जवळपास नाही. २००६ साली याची मोठी चाचणी झाली होती, २२३ पेशंट. हे शिकवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पुन्हा बेशुद्ध पडले, न शिकवलेल्यांपैकी निम्मे. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही.

बाकी वाक्य साफ चूक. टिल्ट निगेटिव्ह म्हणजे हृदय ठणठणीत असं कुठेही लिहिलेलं नाही. पळताना, जिने चढताना किंवा झोपलेलं असताना शुद्ध गेली, छातीत धडधडून गेली, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय, तर आमचं टेबल नंतर, आधी ईसीजी आणि हृदयाचा डॉक्टर.

औंधची_अनु: मला सुईची भीती. रक्त काढताना दर वेळी शुद्ध जाते. हात-पाय आवळायची ट्रिक करते, पण सुई असलेला हात आवळला की नर्स ओरडते. खरं तर आडवं झोपवलं की काहीच होत नाही, तरी 'एवढी मोठी मुलगी आणि' हे ऐकावं लागतंच.

टिल्टलॅबवाली: दुसरा हात आणि पाय आवळ, सुईचा सैल सोड. आणि झोपूनच काढा म्हणून सांगायचं, लाजायचं काय त्यात.

नारायणपेठी: हो, दोन्ही गोळ्या आहेत. शुगरही आहे बरीच वर्षं. त्याचा काय संबंध? आणि टेबलाबद्दल सोयीस्कर गप्प बसलात.

टिल्टलॅबवाली: गप्प नाही, पेशंट होता.

आधी काही वेळ सपाट झोपवतो, प्रत्येक ठोक्याला बीपी-ईसीजी दिसत असतो. मग पट्टे लावून टेबल ६० ते ७० अंशांवर उभं. मागे एक कॉलेजची मुलगी होती, झोपून ११८/७४, नाडी ७०. बराच वेळ काही नाही, नाडी हळूहळू ९५. मग जांभया, 'मळमळतंय' म्हणाली, आणि मिनिटभरात वरचं प्रेशर ७० च्या खाली, नाडी ४०. टेबल आडवं केलं, काही सेकंदात डोळे उघडले. कालच्या मुलीला उभी धरली नसती तर तीही तशीच उठली असती. उभं धरलं की मेंदूला रक्त जात नाही, हातपाय झटके देतात आणि लोक फिट आली म्हणून कांदा हुंगवतात.

काहीच झालं नाही तर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन अजून थोडा वेळ बघतो. इथे मात्र काकांना थोडं श्रेय. कधीच बेशुद्ध न पडलेल्या माणसालाही या टेबलावर चक्कर येऊ शकते. हकीकत इतकी स्पष्ट असेल तर टेस्ट लागतच नाही, तरी सरसकट लिहून देणारे आहेत.

नारायणपेठी: चला, धंदा आहे हे कबूल केलंत.

टिल्टलॅबवाली: थोडं म्हणाले. तुमची टेस्ट फुकट आहे. पाच मिनिटं झोपा, बीपी घ्या, उभे राहा, एक मिनिटाला आणि तीन मिनिटाला परत घ्या. शेजारी कुणीतरी असू द्या.

नारायणपेठी: घ्या. झोपून १४८/८२. एक मिनिट १२२/७४. तीन मिनिटं ११६/७०. नाडी ७० ची ७४.

टिल्टलॅबवाली: वरचं २० ने पडलं तरी पुरे असतं, तुमचं ३२ ने पडलंय. आणि एवढं पडूनही नाडी जेमतेम चारने वाढली, म्हणजे शुगरमुळे नसाही मंदावल्या असाव्यात, वर गोळ्यांचा हात असणारच. हे आकडे जसेच्या तसे डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी बंद करू नका. आणि मीठ तर अजिबात वाढवू नका, झोपून १४८ आहे तुमचं! सकाळी उठायच्या आधी पलंगावरच मोठे दोन ग्लास पाणी प्या, किडनी-हार्टसाठी पाणी कमी करायला सांगितलं नसेल तर. मग पाय खाली सोडून बसा, पिंढऱ्या हलवा, मग उठा. रात्री लघवीला बसूनच.

नारायणपेठी: बसून! बरं बाई. डॉक्टर हे आकडे बघायचेही पैसे घेईल ते वेगळं.

सिंहगडकर: मीठ नको तर आम्ही ट्रेकला ओआरएस का देतो मग?

टिल्टलॅबवाली: कारण तुमची पोरं २२ वर्षांची आहेत आणि घामाने सुकलेली आहेत.

ढोलवाला: पथकाच्या ग्रुपवर टाकतोय, थांबलं की पिंढऱ्या हलवत राहा, टाचा वर-खाली. पण रूटचं काय ते कुणीच बोलत नाहीये.

नळस्टॉप: आणि आवाजाचं.