शब्दचर्चा: 'खोडलेलं' आणि 'संदिग्ध' एकाच शब्दावर आलं तर?

तापीकाठची: एका जुन्या मोडी पत्राचं डिप्लोमॅटिक, म्हणजे जसंच्या तसं, लिप्यंतर करतेय, एका ओळीत अडकलेय. "मौजे मजकूर येथील कुळकर्णी यासी" असं होतं, मग कुळकर्णीवर रेघ मारून वर बारीक अक्षरात पाटील लिहिलंय. शिवाय त्या 'कर'वर शाईचा डाग. याला खोडलेलं म्हणू की संदिग्ध?

अमळनेरकर: सोपं आहे ताई, लिहिणाऱ्यानेच काढलंय ना, मग गाळून टाका. डिप्लोमॅटिक म्हणजे शेवटी राजकीय पत्रव्यवहारच, त्यात खाडाखोड कशाला दाखवायची.

दप्तरी धुळे: राजकारणाशी काही संबंध नाही, हा शब्द दस्तऐवजाच्या अभ्यासातला. आणि गाळलं की ती संपादित प्रत झाली, मग आधी कोणाला लिहिणार होते हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. ताई, दोन्ही खुणा लावा. खोडणं ही लिहिणाऱ्याची करणी, संदिग्ध ही आपल्या वाचनाची शंका, म्हणून TEI या मजकुराला खुणा लावायच्या XML पद्धतीत एकात एक बसतं:

```
<del rend="strikethrough">कुळ<unclear>कर्</unclear>णी</del>
<add place="above">पाटील</add>
```

हातानं लिहिताना खोडलेलं दुहेरी चौकोनी कंसात द्या. ग्रीक-लॅटिन लेखांसाठी 1931 ची लायडन पद्धत आहे, तिथे संदिग्ध अक्षराखाली टिंब देतात, पण आपल्याकडे ते नुक्त्यासारखं दिसतं आणि उकाराखाली तर नीट बसतच नाही, मी तरी टाळतो.

तापीकाठची: पण 'कर' मला खरंच दिसतोय की कुळ आणि णी बघून मीच वाचतेय?

दप्तरी धुळे: हाच खरा प्रश्न. आजूबाजूची अक्षरं कागदाच्या तुकड्याने झाका आणि नुसता डाग बघा. रेघांचा काही भाग दिसला तर संदिग्ध. काहीच दिसत नसेल तर ती जागा गहाळ धरा, आणि अंदाजाने भरलीत तर साध्या चौकोनी कंसात, म्हणजे तुमची भर हे लगेच कळतं.

शिरपूरवाला: भाऊ, मनाकडे बी आजोबाना टाइमनं मोडी खरेदीखत शे, असं करीसन कोर्टले चाली का?

दप्तरी धुळे: नाही हो दादा, तिथे कोर्टाला मान्य असलेला जाणकारच लागेल. हे अभ्यासासाठी आहे.

तापीकाठची: अजून एक, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार एकच, मग पाटीलच्या टीला पण संदिग्ध लावू?

दप्तरी धुळे: अजिबात नको, सगळं पान खुणांनी भरून जाईल. अक्षर स्पष्ट आहे, फरक लिपीच करत नाही. मी आजचं प्रचलित रूप देतो आणि तसं सुरुवातीला लिहून ठेवतो.

पोथीवेडा: इथे नाही पटलं. प्रचलित रूप दिलं की 'जसंच्या तसं' कुठे राहिलं? मोडीतला इकार दीर्घासारखा दिसतो, तर सगळीकडे दीर्घच द्या, 'येथील'च काय 'लिहिले'चं पण 'लीहीले' होऊ द्या.

दप्तरी धुळे: मग शोधताना 'लिहिले' टाकलं तर काहीच सापडणार नाही.

पोथीवेडा: शोधासाठी वेगळी प्रत करा ना!