अनुभव धागा : भाजीच्या ड्रॉवरखाली साचणारे पाणी आणि तुंबलेली डीफ्रॉस्टची नळी

निरंजनी (धागाकर्ती)

आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचते, हे कळायला आम्हाला जवळजवळ पंधरवडा लागला. कुणीतरी पाण्याची बाटली नीट बंद केली नसावी, असे घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल मनातल्या मनात ठरवून टाकले होते. शेवटी सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या, तळ कोरडा पुसला, आणि तरीही तिसऱ्या दिवशी वाटीभर पाणी हजर. फ्रीझर वर आणि फ्रिज खाली असलेले, बर्फ न साचणारे दोन दारांचे मॉडेल आहे. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी "निचऱ्याची नळी तुंबली होती" एवढेच सांगून काम उरकले, आणि चार महिन्यांनी पाणी पुन्हा आले.

म्हणून हा धागा. आपला फ्रिज कोणत्या प्रकारचा होता, पाणी नेमके कुठून येत होते, काय केले आणि ते किती दिवस टिकले, हे कृपया लिहावे. शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुरुस्ती झाल्याचे सगळे सांगतात, पण सहा महिन्यांनी काय झाले ते सांगायला सहसा कुणी परत येत नाही.

मोकळाश्वास

यावर सोपा उपाय आहे. फ्रिज रिकामा करावा, बटण बंद करावे, दोन्ही दारे 24 तास उघडी ठेवावीत आणि खाली जुने टॉवेल अंथरावेत. आमचे पाणी पूर्ण थांबले. नळीत बर्फ असतो, तो वितळतो, विषय संपतो.

जुनापाना

मी तीस वर्षे फ्रिजदुरुस्तीचेच काम केले. वरचा उपाय चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे, आणि तो का अर्धा आहे हे कळले तर निरंजनीताईंच्या चार महिन्यांचे कोडेही सुटेल.

अशा फ्रिजमध्ये थंडावा देणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलच्या आड असते. तिच्यावर दव गोठत राहते, आणि दिवसातून दोन-तीनदा हीटर चालू होऊन ते वितळवतो. वितळलेले पाणी कॉइलखालच्या पन्हळीत येते, तिथल्या भोकातून नळीत उतरते आणि मागे कॉम्प्रेसरपाशी ठेवलेल्या ट्रेमध्ये पडून तिथल्या उष्णतेने आपोआप उडून जाते. हीटर साधारण वीस-तीस मिनिटेच चालतो आणि तो बंद होताच ती जागा पुन्हा शून्याच्या खूप खाली जाऊ लागते. एवढ्या वेळात पाणी भोकातून निघून गेले तर ठीक. नळीत खाली कुठे गाळ असेल तर पाणी रेंगाळते, गळ्याशी थांबते आणि गोठते. पुढच्या खेपेला हीटरची ऊब त्या बुचाच्या माथ्यापर्यंतच पोहोचते, खालचा बर्फ तसाच राहतो, आणि नवे पाणी त्यावर चढत जाते. पन्हळ भरली की पाणी फ्रीझरच्या तळावर पसरून तिथे गोठते, किंवा थंड हवा खाली नेणाऱ्या वाटेने उतरते आणि फ्रिजच्या मागच्या भिंतीवरून ओघळत ड्रॉवरखाली जाते.

फ्रिज बंद ठेवल्याने बर्फाचे बूच जाते, पण ज्या गाळामुळे ते बनले तो जागीच राहतो. त्यामुळे पाणी कधी परत येणार, एवढाच प्रश्न उरतो.

मोकळाश्वास

आमच्याकडे दहा महिने झाले, अजून आलेले नाही. पण आपले म्हणणे पटले, मागच्या ट्रेमध्ये पाणी पडते की नाही हे मी कधी पाहिलेच नव्हते.

कवडसा

आमच्याकडेही हाच त्रास आहे. फ्रिजच्या पुढच्या पायाशी फरशीवर रोज सकाळी ओल असते आणि दाराच्या रबराच्या कडेला थेंब दिसतात. आतला तळ मात्र कोरडा आहे. आम्हीही नळी साफ करून घ्यावी का?

जुनापाना

आतला तळ कोरडा असेल तर हा त्रास वेगळा आहे. रबर सैल झाले असेल तर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि कडेला दव धरते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज सुटून आली तर त्या जागी रबर टेकत नाही. फरशीवरची ओल जास्त असेल तर मागचा ट्रे तडकला आहे का किंवा जागेवरून सरकला आहे का, तेही पाहावे.

पाचवामजला

मी स्वतः केलेले काम सविस्तर लिहितो, कारण मला ते दोनदा करावे लागले.

पाणी कुठून येते हे शोधण्यासाठी मी प्रत्येक फळीवर मागच्या भिंतीला लागून टिशू पेपरची एकेक घडी ठेवली. सकाळी सर्वांत वरच्या फळीवरची घडी चिंब होती, म्हणजे पाणी वरून उतरत होते. फ्रीझरचा तळ निरखून पाहिला तर करंगळीएवढ्या जाडीचा, काचेसारखा स्वच्छ बर्फ तळाला चिकटलेला होता. मागचा ट्रे हाताने चाचपला तर पूर्ण कोरडा, त्यावर धूळ बसलेली. ही धूळ पाहिली तेव्हाच खात्री पटली.

प्लग काढला, सामान दुसरीकडे हलवले, फ्रीझरच्या आतल्या पॅनेलचे स्क्रू काढले. पॅनेलमागे पंख्याची वायर असते, म्हणून ते झटक्याने न ओढता थोडे पुढे घेऊन आधी जोडणी सोडवावी लागते. कॉइलवर दव अगदी पातळ होते, पण खालची पन्हळ कडेपर्यंत गोठलेली. हाताला सोसेल इतपत गरम पाणी औषधाच्या मोठ्या सिरिंजने थोडे थोडे भोकावर सोडत गेलो आणि वर जमणारे पाणी स्पंजने टिपत राहिलो. चाळीसेक मिनिटांनी एकदम गुळगुळ आवाज होऊन सगळे पाणी खाली गेले. मी खूश झालो आणि पॅनेल बसवले. सात आठवड्यांनी पाणी परत.

दुसऱ्या वेळी बर्फ काढून झाल्यावर एक कप पाणी भोकात ओतले आणि मागे जाऊन टॉर्चने पाहिले. पाणी ट्रेमध्ये येत होते, पण थेंबथेंब. नळीच्या खालच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखे एक रबरी टोपण असते, ते काढून दाबले तर आतून काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत लगदा निघाला. ते साबणाच्या पाण्याने धुतले, वरून पुन्हा एक कप पाणी सोडले, तर या वेळी धार लागली. पहिल्या खेपेला ही कपभर पाण्याची चाचणी केली असती तर सात आठवड्यांचा मनस्ताप वाचला असता. आता चौदा महिने झाले, ड्रॉवरखाली कोरडे आहे.

निरंजनी

आमच्या गृहस्थांनी फ्रिजच्या मागे पाहिल्याचे मला तरी आठवत नाही. सगळे काम पुढूनच झाले होते.

सुईदोरा

माझा अनुभव काय करू नये याचा आहे. पन्हळीतला बर्फ लवकर निघावा म्हणून मी स्क्रूड्रायव्हरने टोचत होतो. एक बारीक फुस्स आवाज आला आणि पुढे फ्रिज थंडच झाला नाही. कॉइलची नळी ॲल्युमिनियमची आणि फार पातळ असते. पुष्कळ नव्या फ्रिजमध्ये भरलेला वायू ज्वलनशील असतो, त्यामुळे आजूबाजूला ठिणगी नव्हती हे माझे नशीबच. दहा मिनिटे वाचवायला गेलो आणि फ्रिज गमावला.

अबोली

आमच्या फ्रिजमध्ये ही नळी चक्क समोर दिसते. फ्रिजच्या भागात मागची भिंतच थंड होते, तिच्यावर थेंब धरतात आणि खालच्या खोबणीतून ड्रॉवरच्या मागच्या छोट्या भोकात जातात. आमच्याकडे त्या भोकात भाजीचे देठ आणि कागदी लेबलाचा तुकडा अडकला होता. फ्रिजबरोबर प्लॅस्टिकची एक काडी भोकातच खोचून आली होती, पण ती कशासाठी आहे हे ठाऊक नसल्याने आम्ही पहिल्याच दिवशी फेकून दिली होती. इअरबडने वरचा कचरा काढला, कोमट पाणी सोडले, पाच मिनिटांत काम झाले. महिन्यातून एकदा अर्धा कप कोमट पाणी सोडते, दोन वर्षे त्रास नाही.

जुनापाना

अबोलीताईंच्या प्रकारात बर्फाचा संबंध सहसा नसतो, कारण तो भाग शून्याच्या वर असतो, तिथे कचराच मुख्य. म्हणून आधी आपला फ्रिज कोणता ते ओळखावे. मागच्या भिंतीवर थेंब आणि तळाशी उघडे भोक दिसत असेल तर फ्रीझर उघडण्याची गरजच नाही.

पाचवामजला

काही जण खालचे रबरी टोपण कापून टाकतात, म्हणजे पुन्हा गाळ अडकणारच नाही. जुनापानाकाका, आपले मत काय?

जुनापाना

मी कापत नाही. ते टोपण कॉम्प्रेसरकडची उबदार, दमट हवा नळीतून वर शिरू देत नाही. तसा अडसर नसेल तर त्या हवेतला ओलावा नळीच्या थंड गळ्याशी गोठत राहतो. वर्षातून एकदा काढून धुवावे.

दोनपाने

मी तीन वर्षांपूर्वी कापले आहे आणि आजवर काहीही झालेले नाही. आमची हवा कोरडी आहे, कदाचित त्यामुळे असेल, पण तुंबण्याचा त्रास गेला हे खरे.

जुनापाना

कोरड्या हवेत चालून जाऊ शकते, मी नाकारत नाही. आणखी एक सांगायचे राहिले. काही मॉडेलमध्ये हीटरला धातूची एक पट्टी अडकवलेली असते आणि तिचे टोक भोकात उतरते, म्हणजे हीटरची ऊब नळीच्या गळ्यापर्यंत जाते. दुरुस्तीत ती वाकते किंवा हरवते. नळी स्वच्छ असूनही बर्फाचे बूच परत येत असेल तर मी आधी ही पट्टी पाहतो.

सायंतारा

आमच्याकडे टोपण धुतले, कपभर पाण्याची धार नीट आली, तरी अठरा दिवसांत पाणी परत आले. आता पॅनेल उघडले तर पन्हळीत बर्फ थोडाच आहे, पण कॉइल वरपासून खालपर्यंत पांढऱ्या दवाने भरली आहे आणि पंखा बर्फाला घासल्याचा आवाज येतो. फ्रिजचा खालचा भागही पूर्वीइतका थंड राहत नाही.

जुनापाना

मग बहुधा नळीचा दोष नाही, हीटर लागतच नसावा. हीटर, त्याचा सेन्सर किंवा त्याला वेळ देणारा बोर्ड, तिघांपैकी कोण ते मीटर लावल्याशिवाय सांगता येत नाही. बर्फ वितळवण्यापूर्वी कॉइलचा फोटो काढून ठेवा. दव सगळीकडे सारखे आहे की एकाच टोकाला, यावरून तपासणाऱ्याला पुष्कळ कळते.

सायंतारा

फोटो काढला आहे. दव डावीकडे दाट आहे आणि उजवीकडची शेवटची दोन वळणे जवळजवळ उघडी आहेत. मीटर घेऊन माणूस परवा येणार आहे, काय निघते ते इथेच लिहीन.

निरंजनी

आज मागचा ट्रे चाचपून पाहिला. कोरडा आहे, आणि त्यावर धूळ आहे.