मदत हवी आहे : पिल्लाच्या बडबडगीतात एक मात्रा जास्त होते

बालवाडीतील तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी, बसायला आणि थांबायला शिकणाऱ्या पिल्लावर मी बडबडगीत लिहीत आहे. प्रत्येक ओळीत सोळा मात्रा असून दर चार मात्रांना एक टाळी आहे.

बस रे मोत्या, थांब जरासा,
वाटीमधला खाऊ खासा.
उठला नाही, शहाणा भाऊ!
ये रे मोत्या, घे हा खाऊ.

दुसऱ्या ओळीनंतर मुले न बोलता दोनच टाळ्या वाजवतात, कारण नवशिके पिल्लू सुरुवातीला क्षणभरच थांबू शकते. तिसऱ्या ओळीतील शाबासकी ते बसलेले असतानाच मिळायला हवी. उठल्यावर कौतुक केले, तर उठण्याचेच कौतुक झाले असे ते समजते. म्हणून ओळींचा क्रम मला बदलायचा नाही.

अडचण ‘शहाणा’ या शब्दाची आहे. त्याच्या पाच मात्रा होतात, त्यामुळे टाळी ‘णा’च्या मध्येच पडते आणि मुले अडखळतात. ‘शाणा’ म्हटल्यास ताल जुळतो, पण छापील गीतात ते रूप मला नको आहे. ‘भाऊ’चे यमक राखून चार मात्रांचा, मुलांच्या तोंडी असलेला कौतुकाचा शब्द कोणी सुचवू शकेल का? संपूर्ण ओळ नव्याने सुचली, तरी चालेल. मात्र पिल्लू अजून बसलेले आहे, हे तिच्यातून कळावे.