कनेक्ट फोर: शेवटचा स्तंभ कोणाचा?

> अर्धा डाव बरोबरीत जातो, पण शेवटी नको त्या घरात चकती मलाच टाकावी लागते. हे टाळायचं कसं?

ओळी खालून मोजा. पिवळा पहिला खेळतो, लाल दुसरा. प्रत्येक स्तंभात सहा घरं, म्हणजे सम. सहा स्तंभ भरून सातवा पूर्ण रिकामा राहिला तर ३६ चकत्या पडलेल्या असतात आणि पाळी पिवळ्याची. तो पहिलं घर घेणार, लाल दुसरं, पिवळा तिसरं. म्हणून लालने काही न करता फक्त पिवळ्याच्या डोक्यावर चकती टाकत राहिलं तरी सगळी सम घरं त्याची होतात. तुम्ही दुसरे असाल तर तुमच्या तीनचं चौथं घर सम ओळीत येईल असं बघा.

पहिले असाल तर विषम ओळीत, शक्यतो तिसऱ्या. समजा, सातव्या स्तंभात एकच चकती आहे आणि तिसरं घर मिळालं की पिवळा जिंकतो. आता दुसऱ्या घराला लाल हात लावू शकत नाही. बाकीचे स्तंभ भरले की ३७ चकत्या होतात, पाळी लालची, आणि जागा तेवढी एकच! गंमत म्हणजे, हा स्तंभ असा अडकला की इतरत्र गणित उलटतं आणि लालची सम घरंही बहुधा पिवळ्याच्या वाट्याला येतात. मात्र लालचं सम घर त्याच स्तंभात तुमच्या घराच्या खाली असेल, तर आधी तोच जिंकतो.

आणि एक, स्वतःच्या जिंकायच्या घराखाली उगाच चकती टाकू नका. समोरचा लगेच वर बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात.